खेळणी तपासणी: रविवारी दुपारी ४ वाजता

मंडळाच्या भगिनींनो, जत्रेत घेतलेली खेळणी या रविवारी खानापूर रोडवरच्या आपल्या सभागृहात घेऊन या. पाकीटही आणा, फेकू नका.

पाकिटावर लाल वर्तुळात ०-३ लिहून त्यावर तिरकी रेघ असेल, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या बाळाला देऊ नये. 'आमचा हुशार आहे' म्हणून चालत नाही. इशारा बुद्धीचा नसतो, घशात अडकणाऱ्या तुकड्यांचा असतो.

तपासणीची नळी साधारण ३२ मिमी रुंद असते. न दाबता जो भाग तिच्यात पूर्ण मावतो, तो धोक्याचा. गाडीचं चाक ओढून पाहा. निघालं आणि नळीत मावलं, तर गाडी बाद. फुगे मात्र नळीने कळत नाहीत, फुटलेले तुकडे लगेच उचला.

आयएसआय चिन्हही बघू.