डेफर्ड टॅक्स म्हणजे थकीत कर नव्हे : पणन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पणन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब मी बघतो. कंपनीची डाळ मिल आहे आणि सभासदांची तूर तिथेच भरडली जाते. गोदामासाठी आम्ही अर्ज केला, तेव्हा छाननीत शेरा आला : ‘ताळेबंदानुसार कराची थकबाकी रु. २.९६ लाख, भरणा केल्याचा पुरावा जोडावा.’ या रकमेचे चलन आम्ही जोडूच शकत नाही, कारण हा कर अजून कुणी मागितलेलाच नाही. तो डेफर्ड टॅक्स, म्हणजे पुढच्या वर्षांवर ढकलला गेलेला कर आहे.

आमची यंत्रसामग्री ६० लाखांची. कंपनी कायद्याच्या अनुसूची दोननुसार तिचे आयुष्य १५ वर्षे धरतात. शेवटी ५ टक्के किंमत उरेल असे मानून आम्ही दरवर्षी सारखा ३.८० लाख घसारा लावतो. आयकरात मात्र याच यंत्रावर उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. म्हणजे पहिल्या वर्षी ९ लाख, दुसऱ्या वर्षी ७.६५ लाख, आणि पुढे तो कमी कमी होत जातो.

पहिल्या वर्षी पुस्तकी नफा १० लाख होता. आयकराचा हिशेब करताना त्यात ३.८० मिळवले, ९ वजा केले आणि करपात्र उत्पन्न ४.८० लाख निघाले. आम्ही २२ टक्क्यांचा पर्याय घेतला आहे. अधिभार आणि उपकर धरून दर २५.१६८ टक्के होतो, म्हणून कर आला १.२१ लाख. तो वेळेवर भरला. पण १० लाखांच्या नफ्यावरचा पूर्ण कर २.५२ लाख होतो. उरलेले १.३१ लाख पुढच्या वर्षांवर गेले आहेत, आणि ते आजच नफ्यातून बाजूला काढून ताळेबंदात दाखवा, असे लेखा मानक २२ सांगते. लहान कंपन्यांनाही त्यातून सूट नाही.

सुरुवातीला यंत्र वर्षभर वापरले असे धरून पुढचा तक्ता केला आहे (रक्कम लाख रुपयांत) :

| वर्षअखेर | पुस्तकी किंमत | आयकरातील किंमत | तात्पुरता फरक | डेफर्ड टॅक्स |
|---|---|---|---|---|
| १ | ५६.२० | ५१.०० | ५.२० | १.३१ |
| २ | ५२.४० | ४३.३५ | ९.०५ | २.२८ |
| ३ | ४८.६० | ३६.८५ | ११.७५ | २.९६ |
| ६ | ३७.२० | २२.६३ | १४.५७ | ३.६७ |
| १० | २२.०० | ११.८१ | १०.१९ | २.५६ |
| १५ | ३.०० | ५.२४ | -२.२४ | -०.५६ |

शेऱ्यातले २.९६ लाख तिसऱ्या ओळीत आहेत. सहाव्या वर्षापर्यंत आकडा वाढतो, कारण तोवर आयकरातला घसारा जास्त असतो. सातव्या वर्षी हा घसारा ३.३९ लाखांवर येतो, म्हणजे आमच्या ३.८० पेक्षा कमी. तिथून करपात्र उत्पन्न पुस्तकी नफ्यापेक्षा जास्त निघू लागते आणि पुढे ढकललेला कर त्या त्या वर्षाच्या करातच भरला जातो. त्यासाठी वेगळी नोटीस येत नाही, व्याजही लागत नाही. पंधराव्या वर्षी तर चिन्हच उलटते. मधे नवे यंत्र घेतले तर फरक पुन्हा वाढतो, त्यामुळे ही रक्कम वर्षानुवर्षे ताळेबंदात दिसली तरी त्यात वावगे काही नाही.

गैरसमज कुठून होतो, तेही सांगतो. ताळेबंदाच्या विहित नमुन्यात ‘दीर्घ मुदतीची कर्जे’ या ओळीच्या लगेच खाली ‘डेफर्ड टॅक्स दायित्व (निव्वळ)’ ही ओळ येते. छाननी करणारा दोन्हींची बेरीज करतो आणि कंपनी आहे त्यापेक्षा जास्त कर्जबाजारी दिसते. चालू वर्षाचा देय कर अल्प मुदतीच्या तरतुदींमध्ये असतो. जुनी मागणी आयकराच्या पोर्टलवर कंपनीच्या खात्यात दिसते. थकबाकी तपासायची तर या दोन जागी तपासावी.

या शेऱ्यांना कंटाळून काही कंपन्या पुस्तकातही आयकराचाच घसारा लावतात. फरक शून्य होतो, शेरा टळतो, पण यंत्र खरोखर किती वर्षे चालणार याचा विचार न करता नफा ठरतो. पहिल्या वर्षी आमचा नफा तसाच ४.८० लाख दिसला असता आणि सभासदांना चुकीचे चित्र गेले असते. हे मला मान्य नाही.

माझी मागणी एवढीच आहे. अर्जाच्या नमुन्यात डेफर्ड टॅक्ससाठी वेगळा रकाना ठेवावा आणि ती रक्कम कर्जात किंवा कर थकबाकीत धरू नये, असे परिपत्रक काढावे. सोबत वरच्यासारखा तक्ता सनदी लेखापालाच्या सहीने मागवावा. यंत्र जानेवारीत, तुरीच्या हंगामात सुरू झाले असेल तर वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर होतो आणि पहिल्या वर्षी आयकरात निम्माच घसारा मिळतो. म्हणून तक्त्यात यंत्र सुरू झाल्याची तारीख असणे सक्तीचे करावे. आमचा अर्ज त्याच शेऱ्यावर अडकून आहे आणि नवी तूर जानेवारीत येईल. त्याआधी निर्णय व्हावा, ही विनंती.

आपला,
एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेबनीस,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ