चाळीसपैकी एकोणचाळीस : उच्चशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्चशिक्षणमंत्री यांस,

स. न. वि. वि.

मी एका अनुदानित महाविद्यालयात एकोणतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात एम. एस्सी. प्रवेशाची गुणवत्ता यादी लागली आणि माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी तीत बसली नाही, म्हणून हे पत्र.

तिचा एकच पेपर पाहा. लेखी परीक्षेत साठपैकी ४८, अंतर्गत मूल्यमापनात चाळीसपैकी २७, एकूण ७५. शेजारच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला लेखीत ३७, अंतर्गत ३९, एकूण ७६. लेखी उत्तरपत्रिका विद्यापीठाने तपासल्या, तिथे ती अकरा गुणांनी पुढे होती. उरलेले चाळीस ज्याच्या त्याच्या महाविद्यालयाने दिले आणि तिथे ती बारा गुणांनी मागे पडली. ते २७ मीच दिले होते, कारण तिच्या जर्नलमधील दोन टायट्रेशनची वाचने पुन्हा घ्यायला हवी होती.

त्या महाविद्यालयाचा अंतर्गत गुणांचा तक्ता मी पाहिला. साठ जणांच्या वर्गात सर्वांत कमी ३६ आणि सर्वांत जास्त ३९. म्हणजे वर्गात कोणाला किती येते हे त्या गुणांवरून मुळीच कळत नाही. कळते ते एवढेच, की महाविद्यालय किती उदार आहे. आणि प्रवेश मात्र त्याच औदार्यावर ठरतो.

हे औदार्य फुकटचे नसते. नॅकच्या मूल्यांकनात उत्तीर्णतेची टक्केवारी मोजली जाते. निकाल पडला की प्रवेश घटतात, प्रवेश घटले की कार्यभार घटतो आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. मीही दोनदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभा राहून ‘सर, बाहेरचे सगळे देतात, तुम्हीच का अडता?’ हे ऐकले आहे. एकदा मी तक्ता बदललाही, आणि ती लाज अजून जात नाही. माझ्या अंदाजाने दहातली आठ महाविद्यालये हेच करतात. मी मोजलेली नाहीत, पण मोजण्याचे काम ज्यांचे आहे त्यांनी तरी कुठे मोजली आहेत?

गेल्या वर्षी विद्यापीठाने अंतर्गत गुणांची छाननी करू, असे आम्हाला तोंडी सांगितले होते. परिपत्रक बहुधा अजून टंकलिखित होत असावे. काम अवघडही नाही : प्रत्येक महाविद्यालयाची लेखी सरासरी आणि अंतर्गत सरासरी शेजारी ठेवायची, टक्केवारीत फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की अंतर्गत गुण त्या प्रमाणात खाली आणायचे. सीबीएसईने २०२१ मध्ये परीक्षा रद्द झाल्यावर शाळांनी दिलेले गुण त्या शाळेच्या आधीच्या निकालांशी जोडलेच होते ना? लहान वर्गात या पद्धतीने चुका होतील हे मान्य. तिथे नमुन्यादाखल जर्नले मागवावीत.

तोवर निदान प्रवेशाच्या यादीत लेखी आणि अंतर्गत गुण वेगवेगळे छापा. ती मुलगी काल भेटली तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘सर, तुम्ही ३९ का नाही दिलेत?’

आपला,
रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक