मुरुमांची गोळी वर्षभर?

महोदय,

माझ्या औषधाच्या दुकानात कॉलेजची मुलं वर्षभरापूर्वीची चिठ्ठी दाखवून मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी मागतात. त्याच चिठ्ठीवर बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल आणि रात्री लावायचं अडापलिनही असतं. ते मात्र ‘चेहरा सोलतो’ म्हणून सोडून दिलेलं. खरी गोम तिथेच आहे. गोळी सूज आणि जंतू कमी करते, पण तुंबलेली रंध्रं मोकळी करण्याचं काम अडापलिनचं. शिवाय नुसत्या गोळीला मुरुमांचे जंतू हळूहळू दाद देईनासे होतात; बेंझॉइल पेरॉक्साइडला ते असे सरावत नाहीत, म्हणून जोडीला ते हवंच. (टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यांचा रंग उडतो, तेवढं सांभाळावं.)

गोळीचा फरक दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात आणि साधारण 3-4 महिन्यांत डॉक्टर ती थांबवतात. मलम पुढे चालूच ठेवायचं, नाहीतर मुरुमं परततात. गोळी लांबवली तर घशातले, आतड्यातले जंतूही निर्ढावतात आणि पुढे खऱ्या आजारात तेच औषध लागू पडत नाही. आम्ही दुकानदारांनीच जुन्या चिठ्ठीवर ही गोळी देणं आधी बंद करावं.

– एक औषधविक्रेता, सांगली