कॅप्शनमध्ये दारावरची थापही हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदुरातल्या मराठी नाटकांच्या चित्रफितींना कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मराठी कॅप्शन देण्यास सुरुवात झाली, ही आपल्या अंकातली बातमी वाचून फार बरे वाटले. मात्र अशा बऱ्याच चित्रफितींत संहितेतले संवाद तेवढे उचलून खाली लावलेले असतात. ज्याला ऐकू येते पण बोलणे नीट कळत नाही, त्याचे तेवढ्यावर भागते. ज्याला ऐकूच येत नाही, त्याला रंगमंचावर माणसे दचकताना, थबकताना, दाराकडे वळताना दिसतात आणि ती तसे का करतात ते कळत नाही. आम्ही कॅप्शन लिहिण्याचे काम करतो, म्हणून याबद्दल थोडे तपशिलाने लिहीत आहोत.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. जुन्या वाड्यात माई कपड्यांच्या घड्या घालत बसल्या आहेत, सून भाजी निवडते आहे. शेजारच्या लग्नघरातून सनई ऐकू येते. दारावर तीन थापा पडतात आणि बाहेरून कोणी विचारतो, "माई, आहेस का घरात?" माईंचा हात घडीवरच थांबतो. सून उठू लागते, माई तिला हातानेच बसवतात. सनई थांबते. मग माई स्वतः जाऊन दार उघडतात. दारात आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला मुलगा, वसंता.

यात संवाद एकच आहे. बाकी सगळे आवाजावर चालले आहे. कॅप्शनच्या फाइलमध्ये आम्ही ते असे लिहू:

```
212
00:18:02,000 --> 00:18:04,500
[शेजारच्या घरात सनई वाजू लागते]

213
00:18:21,300 --> 00:18:23,000
[दारावर तीन थापा]

214
00:18:23,400 --> 00:18:26,000
[दाराबाहेरून पुरुषाचा आवाज]
माई, आहेस का घरात?

215
00:18:34,100 --> 00:18:36,000
[सनई थांबते]
```

सगळ्यात जास्त घोटाळा 214 क्रमांकात होतो. लिहिणाऱ्यापुढे संहिता असते, त्यामुळे त्याला बोलणारा वसंता आहे हे ठाऊक असते आणि तो सरळ [वसंता] असे लिहून मोकळा होतो. मग कर्णबधिर प्रेक्षकाला मुलगा परत आल्याचे दार उघडण्याआधीच समजते आणि पुढची आठ-दहा सेकंदे वाया जातात. कानाने ऐकणाऱ्याला त्या क्षणी जेवढे कळते तेवढेच लिहावे, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. याच ओळीत "आहेस"ला मोल आहे. वाड्यात सगळे माईंना "आहात का" म्हणतात, एकेरी हाक मुलगाच मारू शकतो, आणि म्हणूनच त्यांचा हात थबकतो. घाईत कोणी ते "आहात" केले, तर सुगावाच पुसला जातो. इंदुरी बोलीलाही हेच लागू आहे. पात्र "काय करून राहिलास?" म्हणत असेल, तर ते "काय करतो आहेस?" असे सुधारू नये. ओठांवरून वाचणाऱ्याला तो फरक लगेच खटकतो.

बोलणाऱ्याचे नाव प्रत्येक ओळीला लावण्याचीही गरज नाही. तोंड दिसत असेल तर नाव नको. पण नाटकाचे चित्रीकरण बहुधा मागच्या रांगेतल्या एकाच कॅमेऱ्याने झालेले असते, ओठ हलताना दिसत नाहीत, त्यामुळे चार माणसे रंगमंचावर असली की नावे द्यावीच लागतात. दोघांचे बोलणे एकाच कॅप्शनमध्ये आले, तर प्रत्येकाची ओळ वेगळी करून आधी छोटी आडवी रेघ द्यावी. इंग्रजीत पडद्याबाहेरच्या आवाजासाठी तिरपी अक्षरे वापरतात. देवनागरीचे बरेच फॉन्ट तसे घडवलेले नसतात, अक्षरे नुसती कलंडतात आणि वाचायला त्रास होतो. तिथे कंसातला शब्दच बरा.

सनईसारखा चालू राहणारा आवाज सुरू होताना एकदा आणि थांबताना एकदा लिहावा. मधला सगळा वेळ ती ओळ पडद्यावर ठेवली, तर डोळा तिथेच अडकतो. थांबल्याची नोंद मात्र हमखास विसरली जाते, आणि वरच्या प्रसंगात तर ती शांतताच माईंना उठवते. संगीताबद्दल [करुण संगीत] एवढ्यावर भागवू नये. कोणते वाद्य, लय संथ की द्रुत, ते कुठून येते आहे, पात्रांना ऐकू येते की फक्त प्रेक्षकांना, हे सांगितले की भाव आपोआप पोचतो. रागाचे नाव प्रसंगात त्याला अर्थ असेल तरच द्यावे. मैफलीचा प्रसंग असेल तर [भैरवी सुरू होते] या तीन शब्दांत मराठी प्रेक्षकाला मैफल संपत आल्याचे कळते. गाण्याचे शब्द असतील तर ते पूर्ण द्यावेत, दोन्ही बाजूंना ♪ लावून.

नुसते [खण्ण] किंवा [धप्प] लिहिणे आम्हांला पटत नाही. उतारवयात ऐकणे गेलेल्याला त्या शब्दातून आवाज आठवतो, जन्मापासून ज्याने तो ऐकलाच नाही त्याला काही बोध होत नाही. [दार करकरत उघडते], [आत पितळी भांडे पडते] असे लिहिले की वस्तू कळते, घटना कळते आणि नादही राहतो.

कोणते आवाज घ्यायचे, हे ठरवायला आम्ही दोन फेऱ्या करतो. पहिल्या फेरीत चित्र न पाहता फक्त ऐकायचे आणि प्रत्येक आवाज वेळेसकट टिपायचा. दुसऱ्या फेरीत आवाज पूर्ण बंद करून पाहायचे आणि जिथे पात्राने विनाकारण मान वळवली, हात थांबवला किंवा बोलणे तोडले असे वाटते, तिथे खूण करायची. खुणेपाशी जो आवाज सापडतो, तो लिहिलाच पाहिजे. रस्त्यावरचे हॉर्न, खुर्च्यांची कुरकुर यांनी काही घडत नसेल तर ती गाळावीत. प्रेक्षकांचा हशा मात्र तपासून घ्यावा. नट चार सेकंद गप्प उभा राहिला आणि [प्रेक्षकांत हशा] लिहिलेले नसेल, तर तो वाक्य विसरला असेच पाहणाऱ्याला वाटते.

कॅप्शन दोन ओळींपेक्षा मोठी नसावी, एक सेकंदापेक्षा कमी आणि सात सेकंदांपेक्षा जास्त टिकू नये. आवाजाची ओळ आवाजाबरोबरच यावी. थाप पडण्याच्या सेकंदभर आधी ती दिसली, तर माई दचकण्याआधी प्रेक्षक दचकतो. सॉफ्टवेअर अक्षरे मोजताना मात्रा आणि हलन्त वेगळे धरते. "प्रार्थना" हा तीन अक्षरांचा शब्द तिथे नऊ भरतो. म्हणून इंग्रजीसाठी ठरलेल्या आकड्यांवर मराठी ओळ कापू नये, मोठ्याने वाचून वेळ लावावा. फाइल UTF-8 मध्ये जतन करावी, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

दिव्यांगजन हक्क कायदा, 2016 मध्ये दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांसाठी सांकेतिक भाषा किंवा सबटायटल यांचा उल्लेख आहे. कंसात काय लिहायचे, ते मात्र शेवटी लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. म्हणून आमची नाट्यमंडळांना विनंती आहे की चित्रफीत लोकांपुढे ठेवण्याआधी ती एखाद्या कर्णबधिर प्रेक्षकाला दाखवावी. त्यांना "समजले का?" असे विचारू नये, कारण संकोचाने उत्तर "हो" असेच येते. दारात कोण होते, ते तुम्हांला केव्हा कळले आणि माई का थांबल्या, असे विचारावे.

कळावे.

आपले,
नाटकांच्या कॅप्शन लिहिणारे तिघे वाचक, इंदूर