दाढ काढण्याआधी नसेचा विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ट्रायजेमिनल न्युराल्जिया या चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर लेख वाचला. अभिनेता सलमान खानने आपल्याला हा आजार असल्याचे जाहीरपणे सांगितल्यापासून हे नाव लोकांच्या कानावर पडले आहे, त्यामुळे लेखाचे स्वागतच. मथळ्यात मात्र त्याला ‘आत्महत्येचा आजार’ म्हटले आहे, ते खटकले. ज्या दुखण्यात बहुतेकांना साध्या गोळ्यांनी सुरुवातीला चांगला उतार पडतो, त्याला असे नाव देऊन आधीच गांगरलेल्या माणसाला आणखी घाबरवायचे कशाला? शिवाय लेखात रुग्ण थेट मेंदूविकारतज्ज्ञाकडे पोचलेला दिसतो. प्रत्यक्षात तो आधी आमच्याकडे, म्हणजे दातांच्या दवाखान्यात येतो. आणि घोळ होतो तो तिथेच. मी सातारा जिल्ह्यात दंतवैद्यकीचा व्यवसाय करतो, म्हणून त्या घोळाबद्दल लिहितो.

एका रुग्णाची हकीकत सांगतो. पन्नाशी उलटलेल्या, शेतात राबणाऱ्या बाई. उजव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा आधीच दुसरीकडे काढून झालेल्या. ‘आता हीबी काढा,’ असे म्हणून त्यांनी बोटाने तिसरी दाखवली, पण गालाला बोट लागू दिले नाही. एसटीच्या खिडकीतला वारा लागू नये म्हणून पदर अर्ध्या चेहऱ्यावरून घेतलेला. बोलणे ओठातल्या ओठात. कसे दुखते, विचारल्यावर म्हणाल्या, ‘वायरीला हात लागल्यागत सण्णकन जातंय बघा. आलं तसं गेलं. परत घास तोंडात घातला की परत.’ रात्री झोप लागते का? तर लागते. सकाळी चूळ भरताना मात्र जीव जातो.

किडलेली दाढ असे वागत नाही. तिचा ठणका असतो, तो तासन् तास चालतो, आडवे झाल्यावर वाढतो आणि माणसाला रात्री उठवून बसवतो. गार पाण्याने कळ येते आणि पाणी गिळून झाल्यावरही बराच वेळ टिकते. दाढ दुखणारा माणूस गाल तळहाताने दाबून धरतो. या बाई गालाला हातच लावत नव्हत्या.

तोंडात पाहिले तर डावीकडचे दात मिश्री लावून घासलेले, उजवीकडे किटणाचा थर. हात तिकडे जातच नव्हता. पुरुष रुग्णांत हेच दाढीत दिसते, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर आठवड्याचे खुंट. दाखवलेल्या दाढेवर आरशाच्या दांड्याने ठोकून पाहिले, काही नाही. गारव्याला तिने शेजारच्या दातांसारखाच प्रतिसाद दिला. एक्स-रेत मुळे स्वच्छ. मग कापसाची वात करून ओठाच्या उजव्या कोपऱ्याला हलकेच टेकवली. बाईंचे डोळे गच्च मिटले, अर्धा चेहरा आक्रसला. काही सेकंदांत सगळे शांत. लगेच पुन्हा तीच वात तिथेच टेकवली, तर काही झाले नाही. झटक्यानंतर नस थोडा वेळ गप्प बसते. दाताच्या दुखण्यात असे काही घडत नाही.

आता प्रश्न असा की आधीच्या दोन दाढा निघाल्या कशा? दाढ काढणाऱ्याला सगळा दोष देऊन चालणार नाही, कारण हा आजार दोन ठिकाणी चकवतो. पहिला चकवा भुलेच्या इंजेक्शनचा. कोणता दात दुखतो हे कळत नसेल तर आम्ही तेवढा भाग बधिर करून पाहतो. दुखायचे थांबले तर दोषी दात त्याच भागातला, असा आमचा ठोकताळा. पण झटका सुरू करणारी जागाच त्या इंजेक्शनने बधिर झाली, तर नसेचे दुखणेही तेवढ्यापुरते थांबते. दंतवैद्याची खात्री पटते आणि चिमटा हातात घेतला जातो.

दुसरा चकवा त्याहून वाईट. हे दुखणे सुरुवातीच्या काळात आपणहून थांबते. कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने झटका येत नाही. माणूस दुखणे ऐन भरात असताना दाढ काढून घेतो, आणि नंतर तो शांत काळ सुरू झाला की श्रेय दाढ काढण्याला जाते. या बाईंचेही तेच झाले. पहिली दाढ गेल्यावर चांगले तीन-चार महिने आराम होता. त्यामुळे परत झटके सुरू झाले तेव्हा ‘मागच्या वेळी बरे वाटले होते’ म्हणून शेजारची काढायला त्या स्वतःच गेल्या. आजार जुना होत जातो तसे हे शांत काळ आखूड होतात. दुसऱ्या दाढेनंतर पंधरा दिवससुद्धा धड गेले नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी. दाढेला बारीक तडा गेला असेल तर चावताना अशीच क्षणभराची तीव्र कळ येते आणि तडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही. तेव्हा झटका म्हणजे नसच, असेही समजू नये. फरक इतकाच की तडा गेलेली दाढ चावल्यावर, विशेषतः दाब सोडताना दुखते. ओठाला कापूस लागला किंवा तोंडावर वारा आला म्हणून दुखत नाही.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ही नस दोन्ही बाजूंना एकेक असते. तिला तीन फांद्या, एक कपाळ-डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. झटके बहुतेकदा खालच्या दोन फांद्यांत येतात, म्हणून दातांवर संशय जातो. मेंदूच्या बुंध्यापाशी, जिथे ही नस सुरू होते, तिथे बऱ्याच रुग्णांत एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. तिच्या सततच्या ठोक्यांनी नसेवरचे आवरण झिजते आणि साध्या स्पर्शाचा संदेश शेजारच्या वेदनेच्या तंतूंत उतरतो.

बाईंना मी मेंदूविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. त्यांनी कार्बामाझेपिन सुरू केले. हे मूळचे फिट्सचे औषध, 1960 च्या दशकापासून या दुखण्यावर वापरात आहे आणि आजही पहिली गोळी हीच. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे काही उपयोग होत नाही. सुरुवात 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी कमी डोसने करून दर काही दिवसांनी थोडे थोडे वाढवत नेतात. बाईंना 600 वर आराम पडला, काहींना याच्या दुप्पट लागते. गुण इतक्या लवकर आणि इतका स्पष्ट येतो, की तो निदानालाही पुष्टी देतो.

गोळीबाबत लोक गडबड करतात ती अशी. ही गोळी दुखले की घ्यायची नाही, रोज ठरल्या वेळी घ्यायची. तीन-चार आठवड्यांनी यकृत तिचा निचरा आधीपेक्षा वेगाने करू लागते, त्यामुळे लागू पडलेला डोस अचानक अपुरा वाटतो. ‘गोळीचा असर गेला’ म्हणून ती सोडू नये, डॉक्टरांना सांगून डोस जुळवून घ्यावा. झोप आणि चक्कर येते, वयस्क माणसे पडतात. रक्तातले सोडियम उतरू शकते आणि मग माणूस बावचळल्यासारखे बोलतो. म्हणून अधूनमधून रक्ततपासणी लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ उठले किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ही प्रतिक्रिया क्वचित होते, पण जिवावर बेतू शकते, आणि आशियाई वंशाच्या काही लोकांत आढळणाऱ्या एका जनुकामुळे तिचा धोका वाढतो. त्याची रक्ततपासणी उपलब्ध आहे. शेजाऱ्याची उरलेली पट्टी घेऊन हे औषध सुरू करणे म्हणूनच धोक्याचे.

एमआरआयही काढतात. त्यामागे मुख्य हेतू गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचे आवरण झिजवणारा आजार, नाही ना, हे पाहण्याचा. नसेला टेकलेली रक्तवाहिनी त्यात दिसली तरी तेवढ्यावर निदान होत नाही, कारण कधीच न दुखलेल्या माणसांतही ती तशी दिसते. निदान होते ते रुग्णाच्या सांगण्यावरून.

बाईंचे दीड-दोन वर्षे गोळ्यांवर बरे चालले. पुढे डोस वाढवावा लागला, सोडियम उतरले, चक्कर येऊन त्या गोठ्यात पडल्या. तेव्हा शस्त्रक्रियेचे ठरले. कानामागे कवटीला लहान छिद्र पाडून रक्तवाहिनी नसेपासून बाजूला सारतात आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. अमेरिकेतील न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी ही पद्धत रूढ केली. नस न कापता मूळ कारणावर इलाज होतो, आणि दहा वर्षांनंतरही साधारण दहापैकी सात रुग्ण दुखण्यातून मोकळे असतात. मात्र हे मेंदूचे ऑपरेशन आहे. त्या बाजूचे ऐकू येणे कमी होण्याचा थोडा धोका असतो, क्वचित त्याहून गंभीरही काही होते. बाईंना गुण आला, नंतर गोळ्या हळूहळू बंद झाल्या. ज्यांना एवढी भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी गालातून सुई घालून नसेचे तंतू उष्णतेने किंवा फुग्याच्या दाबाने निकामी करण्याचा उपाय आहे. आराम लगेच मिळतो, पण चेहऱ्याचा भाग बधिर राहतो आणि काही वर्षांत दुखणे परतू शकते. गॅमा नाईफ या यंत्राने बाहेरून नसेवर किरण सोडण्याचाही उपाय आहे, पण त्याने फरक पडायला आठवडे, कधी महिने लागतात.

आपल्या लेखात डोकेदुखीचा उल्लेख ओझरता आहे, त्यात एक भर घालतो. नसेचा झटका सेकंदांचा, फार तर दोनेक मिनिटांचा. अर्धशिशी तासन् तास चालते. झटक्यासोबत डोळा लाल होऊन भळाभळा पाणी येत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याची औषधेही वेगळी. चाळिशीच्या आतला रुग्ण, दोन्ही बाजूंना झटके, गाल कायम बधिर असणे किंवा त्याच बाजूला कमी ऐकू येणे, यांपैकी काही असेल तर एमआरआय लांबवू नये. आणि पन्नाशीपुढच्या माणसाची कानशिले दुखत असतील, केस विंचरताना टाळू हुळहुळत असेल, चावता चावता जबडा भरून येत असेल, तर तो नसेचा आजार नाही आणि दाढेचाही नाही. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज आली असण्याची शक्यता असते आणि उशीर झाल्यास दृष्टी जाते. अशा माणसाने दंतवैद्याच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी फिजिशियनकडे जाऊन शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या करून घ्याव्यात.

कळावे,
एक दंतवैद्य, जि. सातारा