विषय : मंदिर चौक ते भाजी मंडई रस्त्यावरचा खड्डा, २७ नोव्हेंबरचा अपघात, फोटो आणि तारखांसहित तक्रार

दि. ८ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. आयुक्त साहेब / मा. शहर अभियंता साहेब,
महानगरपालिका

महोदय,

२७ नोव्हेंबरला, गुरुवारी सकाळी सातच्या आसपास, माझी बायको ड्युटीला जाताना मंदिर चौकातून मंडईकडे वळल्यावर लगेच जो खड्डा आहे त्यात स्कूटरवरून पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलंय, ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागली, आणि हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, हेल्मेटला उजव्या बाजूने पडलेला तडा फोटो क्र. ६ मध्ये दिसेल. स्पीड जास्त नव्हता, वळणच असं आहे की तिथे कोणी जोरात जाऊच शकत नाही. खड्डा पाण्याने काठोकाठ भरलेला होता त्यामुळे तिला नुसता ओला रस्ता दिसला, पुढचं चाक आत गेलं आणि हँडल फिरलं.

आता हा खड्डा कसा झाला ते नीट लिहितो कारण तुमच्याकडे प्रत्येक खड्डा पावसाच्या नावावर जातो आणि हा पावसाचा नाही. ३ नोव्हेंबरला इथे नवीन नळकनेक्शनसाठी रस्ता आडवा खोदला, फोटो क्र. १ त्या संध्याकाळचा आहे, त्यात ब्रेकरने फोडलेलं डांबर आणि बाजूला मातीचा ढीग दिसतोय. पाइप टाकून झाल्यावर तीच माती, त्यात डांबराचे तुकडे, सगळं एकदम चरात लोटलं आणि वरून फावड्याने थोपटलं. चर भरताना थोडी थोडी भर टाकायची, पाणी मारायचं, प्रत्येक थर ठोकून घ्यायचा आणि मग वर खडी आणि डांबर, हे तुमच्या इंजिनिअर लोकांना मी सांगायची गरज नाही. इथे थर नाही, ठोकणं नाही, डांबर तर आजपर्यंत पडलेलंच नाही. अशी भर गाड्यांच्या वजनाने बसत जाते आणि चराच्या दोन्ही बाजूंना जुन्या डांबराची धार उघडी पडते, फोटो क्र. २ मध्ये (९ नोव्हेंबर) ती धार स्पष्ट आहे.

त्यात भर म्हणजे खालचा जॉइंट गळतोय. सकाळी नळाला पाणी सुटलं की चरातून पाणी वर यायला लागतं, पाणी बंद झालं की उतरतं, आणि उतरताना बारीक माती घेऊन जातं, म्हणून वरून जेवढा दिसतो त्यापेक्षा खड्डा कडेने आत पोकळ होत चाललाय. पाऊस नसताना भरलेला खड्डा आणि शेजारचा रस्ता कोरडा ठणठणीत, हे फोटो क्र. ३ मध्ये एकाच फ्रेममध्ये आहे, याच्यापेक्षा वेगळा पुरावा गळतीसाठी काय द्यायचा?

१२ नोव्हेंबरला मी तुमच्या ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली, त्यात गळतीचंही लिहिलं होतं. १४ तारखेला मेसेज आला, तक्रार निकाली. जाऊन बघितलं तर खड्ड्यात मुरूम टाकलेला, गळतीला कोणी हातही लावलेला नाही. ओल्या खड्ड्यात सुटा मुरूम टाकला की त्याचा चिखल होतो आणि आजूबाजूच्या डांबरावर पसरतो, म्हणजे आधी एक खड्डा होता आता खड्डा आणि त्याच्या अलीकडे घसरडं, आणि चार-पाच दिवसांत सगळा मुरूम वाहून गेला (फोटो क्र. ४, १९ नोव्हेंबर). मी तक्रार पुन्हा उघडली तर ती रस्ते विभागाकडून पाणीपुरवठ्याकडे गेली, तिथून "रस्ता दुरुस्ती आमच्याकडे नाही" म्हणून परत आली, आणि त्याच दरम्यान २७ तारीख आली. फोटो क्र. ५ अपघातानंतर लगेच शेजारच्या दुकानदाराने काढलाय, स्कूटर अजून आडवीच आहे. पाणी उतरल्यावर मी टेपने मोजलं, मधोमध १४ सेंटीमीटर खोल.

साहेब, मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ ला खड्ड्यांच्या जनहित याचिकेत निकाल दिलाय, त्यात निदर्शनास आणलेला खड्डा ४८ तासांत बुजवायला सांगितलाय आणि खड्ड्यामुळे जखमी झालेल्याला दुखापत बघून ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलीय. माझी तक्रार कागदावर ४८ तासांतच बंद झालीय हे मला मान्य आहे. पण खड्डा तिथेच होता, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे, कारण निकाली म्हणून शिक्का पडल्यावर त्या जागेकडे परत कोणी बघितलंच नाही. गळतीचं वाचून एक माणूस जरी सकाळी येऊन गेला असता तरी हे टळलं असतं.

बायकोच्या सहीचा भरपाईचा अर्ज सोबत जोडलाय. त्याच निकालाप्रमाणे महापालिकेसाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती असते, तर तो त्या समितीसमोर ठेवावा आणि आवक नंबर द्यावा, आवक-जावकला नुसता ठेवून घेऊ नका. हॉस्पिटलचा एमएलसी कागद, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिलं, पोलीस स्टेशनातल्या नोंदीची प्रत, स्कूटर दुरुस्तीचं बिल, सगळं आहे. फोटो प्रिंट करून दिलेत पण मूळ फाइल्स पेन ड्राइव्हवर पण आहेत, कारण व्हॉट्सॲपवरून पाठवला की फोटोतली वेळ आणि लोकेशन निघून जातं आणि मग तारखेवरून वाद होतो. फोटो क्र. ५ ची मूळ फाइलही दुकानदाराच्या मोबाइलमधून केबलने घेतलीय. या रस्त्यावर खोदाईची परवानगी कोणाला दिली होती, रस्ता पूर्ववत करायचे पैसे भरून घेतले होते का आणि ते काम कोणी करायचं होतं, हे पण लेखी कळवा. निकालात भरपाईची रक्कम जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलीय, तेव्हा ते नाव फाइलवर यायला पाहिजे.

दुरुस्तीबद्दल एकच विनंती, कृपा करून परत मुरूम किंवा पेव्हर ब्लॉक टाकू नका. आधी जॉइंट दुरुस्त करा, मग चरातली सगळी ओली माती बाहेर काढा, कडा सरळ कापा, थर देऊन ठोका आणि वर डांबर करा. गळती तशीच ठेवून वरून कितीही चांगलं डांबर टाकलं तरी खालून परत पोकळ होणार. ते काम होईपर्यंत आज संध्याकाळीच तिथे बॅरिकेड आणि रिफ्लेक्टर लावा, सध्या दुकानदारांनी झाडाची फांदी आणि लाल फडकं लावलंय, ते रात्री दिसत नाही. पलीकडेच शाळा आहे, सकाळी सगळे पालक पोरांना टू-व्हीलरवर मागे बसवून इथूनच वळतात.

पाहणीला येणार असाल तर सकाळी साडेसहा ते आठमध्ये या, तेव्हा पाणी सुटलेलं असतं. दुपारी आलात तर खड्डा कोरडा दिसेल आणि रिपोर्टमध्ये परत "गळती आढळली नाही" असं लिहिलं जाईल. माझा नंबर अर्जावर आहे, आदल्या दिवशी फोन करा, मी तिथे थांबतो.

आपला,
अर्जदार (बायकोतर्फे)
नाव, पत्ता व मोबाइल नंबर सोबतच्या अर्जावर