छपराच्या कामाबाबत रविवारच्या फोनवर शेवटी जे ठरले ते

लेस्टर, १७ मार्च २०२५

तीर्थस्वरूप काका यांस,

साष्टांग नमस्कार. काल, १६ तारखेला रविवारी, आपण, आई, दादा आणि मेस्त्री असे सगळे एकाच फोनवर बोललो. बोलताना मापे बदलली, दर दुरुस्त झाला आणि तारखाही इकडच्या तिकडे झाल्या. म्हणून फोन ठेवताना जे कायम राहिले, तेवढेच या पत्रात लिहीत आहे. आधी सांगून मागे घेतलेला एकही आकडा मी मुद्दाम लिहिलेला नाही, कंसातसुद्धा नाही. मागच्या वर्षी विहिरीच्या कठड्याच्या वेळी मी जुना आणि नवा असे दोन्ही आकडे लिहिले होते, आणि गवंड्याने त्यातला त्याच्या सोयीचा वाचला, हे आपल्याला आठवत असेलच.

मुख्य दुरुस्ती मापाची झाली, आणि बाकीचे बहुतेक बदल तिच्यातूनच निघाले. सुरुवातीला आपण जे क्षेत्रफळ सांगितलेत ते घराच्या जोत्याचे होते. कौले मात्र जोत्यावर बसत नाहीत, उतारावर बसतात आणि भिंतीच्या बाहेर वळचणीपर्यंत जातात. मेस्त्रींनी टेप धरून सांगितले की आढ्यापासून वळचणीपर्यंत एका पाख्याची उतारावरची लांबी १६ फूट आहे आणि दोन्ही बाजूंचे पुढे आलेले भाग धरून घराची लांबी ४० फूट भरते. म्हणजे एक पाखा ६४० चौरस फुटांचा आणि दोन्ही मिळून १२८० चौरस फूट, अर्थात १२.८ ब्रास. यापुढे कोणत्याही हिशेबात हेच क्षेत्रफळ धरायचे.

मंगळुरी कौले ब्रासला साधारण १४० बसतात. त्या हिशेबाने सगळ्या छपराला सुमारे १७९२ कौले लागतील. जुन्यांपैकी ११०० चांगली निघतील असे आपण एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवून ठरवले आहे. खणखणीत वाजले ते ठेवायचे आणि बद्द आवाज आला ते बाजूला काढायचे. उरलेली सुमारे ६९२ आणि उतरवता-चढवताना फुटणारी धरून नवी कौले ७५० घ्यायची, असे दादा आणि मेस्त्री दोघांनीही मान्य केले. राजापूरच्या व्यापाऱ्याचा दर घराखालच्या रस्त्यापर्यंत पोच धरून नगाला ३८ रुपये आहे, म्हणजे कौलांचे २८,५०० रुपये होतात आणि ते दादा देणार आहे.

मजुरीच्या दराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे आपण दोनदा अडकलो. वाडीत फोनचा आवाज तुटतो तेव्हा ‘एकोण’ एवढेच ऐकू येते आणि पुढचा साठ, सत्तर की ऐंशी तो वाऱ्यावर जातो. शेवटी मी मेस्त्रींना आकडे सुटे म्हणायला लावले आणि त्यांनी “पाच, नऊ” असे स्पष्ट सांगितले. तेव्हा दर चौरस फुटाला ५९ रुपये आहे आणि त्यात जुनी कौले उतरवणे, रिपा बदलून ठोकणे आणि पुन्हा शाकारणे हे सारे आले. लाकडाची किंमत त्यात नाही. १२८० फुटांचे ७५,५२० रुपये होतात आणि ते मी पाठवणार आहे.

एक गोष्ट मात्र फोनवर कोणाच्याच लक्षात आली नाही. मेस्त्रींनी आगाऊ रकमेचा आकडा सांगितला तो माप दुरुस्त होण्यापूर्वी. नंतर माप बदलले, कौलांची संख्याही आपण लगेच बदलली, पण ती रक्कम जुन्या मापावरच राहून गेली. रात्री हे पत्र लिहायला बसलो आणि गुणाकार जुळेना, तेव्हा ते ध्यानात आले. आपले ठरले होते ते ‘मजुरीचा चौथा हिस्सा आगाऊ’ हे. रुपयांचा आकडा त्यातून निघणारा. म्हणून नवीन मजुरीचा चौथा हिस्सा काढून मी आज सकाळी दादाला विचारले आणि त्याने मेस्त्रींकडून होकार घेऊन मला कळवले. आगाऊ रक्कम १८,८८० रुपये.

आता तारखा. यंदा गुढीपाडवाही ३० तारखेला आणि अक्षय्य तृतीयाही ३० तारखेलाच, फक्त महिना वेगळा. आपण “तीस तारखेला मुहूर्त” म्हणालात ते पाडव्याच्या मनाने, आणि आईने ऐकले ते अक्षय्य तृतीयेच्या मनाने. त्यामुळे पाच मिनिटे सगळेच एकमेकांना होकार देत होते आणि कोणाचेच जुळत नव्हते. ठरले ते असे: ३० मार्चला, पाडव्याच्या दिवशी, आपण मेस्त्रींच्या हातात आगाऊ रक्कम द्यायची. त्या दिवशी रविवार आहे आणि लगेच बँकांचे वर्षअखेर येते, म्हणून मी पैसे गुरुवारी २७ मार्चपर्यंत आपल्या खात्यावर पोचतील असे पाठवतो. प्रत्यक्ष काम सोमवारी ७ एप्रिलला सुरू होईल. ६ एप्रिलला रामनवमी आहे आणि डोक्यावर छप्पर नसलेल्या घरात पाळणा हलवायचा नाही, हे आईचे म्हणणे मेस्त्रींनीही मानले. ते “येत्या सोमवारी” आणि “पाडव्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी” असे दोन्ही म्हणाले होते. आपण फक्त तारीख लक्षात ठेवावी. काम शुक्रवारी २ मे रोजी पुरे करायचे आहे. आंब्याच्या दिवसांत गडी मिळवणे हे मेस्त्रींचे काम आणि तशी त्यांनी हमी दिली आहे, तरी आपण मधूनमधून आठवण द्यावी.

वासे किती बदलावे लागतील याचा आकडा मी लिहिलेला नाही, कारण तो ठरलेलाच नाही. बोलण्यात दोन-तीन अंदाज आले, पण कौले उतरवून वाळवी कुठवर गेली आहे ते दिसल्याशिवाय मेस्त्री बांधून घ्यायला तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ठरली आहे ती मर्यादा: १२ वाशांपर्यंत त्यांनी आपल्याला विचारून बदलावेत, तेरावा काढण्यापूर्वी दादाला फोन करावा. लाकडाचा खर्च त्यामुळे वरच्या कोणत्याही रकमेत धरलेला नाही.

पुढचा फोन रामनवमीला, ६ एप्रिलला, आपल्याकडील संध्याकाळी साडेसात वाजता. इकडे ३० मार्चला घड्याळे तासभर पुढे जातात, त्यामुळे माझ्या घड्याळात तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतील. आपण काही बदलायचे नाही.

हे पत्र दादा मेस्त्रींना वाचून दाखवील. यातील एखादी गोष्ट आपल्या आठवणीशी जुळत नसेल तर २७ तारखेच्या आत कळवावे, म्हणजे पैसे पाठवण्यापूर्वी दुरुस्त करता येईल. आणि आईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिलच्या चौकोनात पेन्सिलीने “मेस्त्री” असे लिहून ठेवले आहे, ते तिला खोडायला सांगावे.

आपला पुतण्या